टाकीच्या डबीला फोनवरून वाय-फाय कसं द्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर मी एक छोटी डबी बसवली आहे. टाकीत किती पाणी आहे ते ती मोजते आणि वाय-फायवरून सगळ्यांच्या फोनवर दाखवते. आमच्याकडची बघून शेजारच्या इमारतीने मागितली, मग पाचपाखाडीत एक गेली आणि मावसभावामुळे एक नेरूळलाही पोचली. आत नोडएमसीयू बोर्ड आहे, त्यावर ईएसपी८२६६ ही चिप. सगळं सामान लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं, त्यात गूढ काही नाही.

पाणी कसं मोजलं जातं हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही. फोन येतात ते वाय-फायसाठी. "राउटर बदलला, आता काय करू?" "ते पान उघडत नाही." "सेव्ह केलं आणि सगळं बंद पडलं." तीच उत्तरं किती वेळा द्यायची, म्हणून ती इथे लिहून ठेवतो. असाच बोर्ड तुम्ही स्वतः बांधत असाल तर मधल्या कोडचाही उपयोग होईल.

## डबीला पडदा नाही, कीबोर्ड नाही. मग तिला पासवर्ड कळतो कसा?

काही मिनिटांपुरती ती स्वतःच राउटर होते.

बोर्डाला वीज मिळाली की तो आधी स्वतःच्या स्मरणात बघतो : मागच्या वेळचं नाव आणि पासवर्ड आहे का? असेल तर ते नेटवर्क शोधतो. काहीच नसेल, किंवा असून जोडणी झाली नाही, तर तो स्वतःचं वाय-फाय सुरू करतो. आमच्या डबीचं `Taki-Setup` या नावाने दिसतं. तुम्ही फोन त्याला जोडता, फोनला बोर्डातलंच एक साधं वेब पान दिसतं आणि त्यात तुम्ही घरच्या राउटरचं नाव व पासवर्ड भरता. बोर्ड ते जपून ठेवतो, राउटरचं सोंग उतरवतो आणि घरातल्या बाकीच्या फोनांसारखा तुमच्या राउटरला जोडला जातो.

हे पान इंटरनेटवर कुठेही नाही, ते त्या चिपमध्येच आहे. एवढं लक्षात ठेवलंत तर खालचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

## पहिल्यांदा जोडताना नेमकं काय काय करायचं?

आधी राउटरचं नाव आणि पासवर्ड कागदावर लिहून घ्या. फोन एकदा डबीला जोडला की इंटरनेट नसतं, आणि पासवर्ड नेमका कोणाच्या तरी जुन्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये असतो.

फोनचा मोबाइल डेटा बंद करा. डबीला चार्जर लावा. फोनच्या वाय-फाय यादीत `Taki-Setup` दिसलं की त्यावर टिचकी मारा आणि डबीच्या खालच्या चिठ्ठीवरचा पासवर्ड टाका. हा डबीचा पासवर्ड, घरचा नव्हे. काही सेकंदांत फोन आपणहून एक पान उघडतो किंवा वर "साइन इन करा" अशी सूचना देतो. त्या पानावर `Configure WiFi` दाबा. आजूबाजूच्या नेटवर्कांची यादी येते. आपलं नाव निवडा, खालच्या चौकटीत घरचा पासवर्ड भरा आणि `Save` दाबा.

झालं. पुढचा अर्धा मिनिट मात्र फोन हातात घेऊन शांत बसायचं आहे. ते का, ते खाली येईलच.

## Taki-Setup ला जोडलं, पण पान उघडत नाही.

सर्वात जास्त फोन याच तक्रारीचे. पान आपोआप उघडतं ते डबी फोनला बनवते म्हणून. नव्या वाय-फायला जोडल्यावर प्रत्येक फोन गुपचूप एक ठरलेला पत्ता मागून इंटरनेट आहे का ते तपासतो. अँड्रॉइड `generate_204` नावाचं पान मागतो, आयफोन `captive.apple.com` कडे विचारणा करतो. डबीतला कार्यक्रम कुठल्याही पत्त्याच्या चौकशीला "तो मीच" असं उत्तर देतो. फोनला अपेक्षेपेक्षा वेगळा जवाब मिळतो. हॉटेलात किंवा विमानतळावर असतं तसं लॉगिनचं पान असणार, असं समजून तो ते उघडून दाखवतो.

ही युक्ती बहुतेक वेळा चालते, पण दरवेळी नाही. फसली तर फोनचा ब्राउझर उघडा आणि वरच्या पट्टीत हे जसंच्या तसं टाइप करा :

```
http://192.168.4.1
```

सुरुवातीचं `http://` गाळू नका. नुसता आकडा टाकला तर काही ब्राउझर आधी `https` ने प्रयत्न करतात. डबीकडे ते नाही, त्यामुळे पान फिरत राहतं. नुसता आकडा गुगलमध्ये शोधायलाही घालू नका, इंटरनेटच नाही तर गुगल कुठून येणार.

तरीही उघडलं नाही तर मोबाइल डेटा खरंच बंद आहे का ते बघा. या वाय-फायवर इंटरनेट नाही हे अँड्रॉइडला कळलं की तो मुकाट्याने मोबाइल डेटाकडे वळतो. वर वाय-फायचं चिन्ह दिसत राहतं, पण तुमची मागणी सिमकार्डवरून बाहेर जाते आणि तिकडे `192.168.4.1` या पत्त्यावर तुमची डबी नसते. "इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का?" असं फोनने विचारलं तर "हो" म्हणा. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दरवेळी घाबरून "नाही" दाबायच्या, त्यात त्यांची अख्खी दुपार गेली. फोनमध्ये व्हीपीएन किंवा खासगी डीएनएस चालू असेल तर तेही तेवढ्यापुरतं बंद करा.

## आमच्या वाय-फायचं नाव यादीत दिसत नाही. फोनला तर दिसतंय!

फोनला दिसतं म्हणून डबीला दिसेलच असं नाही. पानावरची यादी फोनची नसते, डबीच्या कानांनी ऐकलेली असते. आणि ईएसपी८२६६ ला फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ ऐकू येतं, ५ गिगाहर्ट्‌झसाठी ती ठार बहिरी आहे. सध्याचे फायबरवाले राउटर दोन्ही पट्ट्यांवर बोलतात. नावाच्या शेवटी `_5G` असेल तर ते डबीला कधीच दिसणार नाही, त्याचं साधं जुळं नाव निवडा. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल तर बहुधा काही करावं लागत नाही, डबी आपली २.४ वाली बाजू पकडते. पण २.४ कोणी राउटरमध्ये बंदच करून ठेवलं असेल तर ते चालू करावं लागेल.

नाव दिसतं पण कधीच जोडलं जात नाही, असं असेल तर राउटरमधली सुरक्षेची निवड बघा. ती फक्त `WPA3` वर असेल तर ही चिप आत शिरू शकत नाही. `WPA2` किंवा `WPA2/WPA3` असा मिश्र पर्याय ठेवा.

कॉलेजात किंवा कंपनीत वापरनाव आणि पासवर्ड अशा दोन गोष्टी लागतात, किंवा जोडल्यावर मोबाइल नंबर टाकून ओटीपी घ्यावा लागतो. तिथे ही पद्धत चालत नाही. डबीला ओटीपी वाचता येत नाही.

## Save दाबलं आणि लगेच फोनची जोडणी तुटली. बिघडलं का?

नाही. उलट तसंच व्हायला हवं.

बोर्डात रेडिओ एकच आहे. त्याच एका रेडिओवर तो दोन कामं करत असतो : एकीकडे तुमच्या फोनसाठी राउटर, दुसरीकडे तुमच्या राउटरचा ग्राहक. पण एका वेळी रेडिओ एकाच चॅनलवर राहू शकतो. समजा `Taki-Setup` चॅनल १ वर चालू आहे आणि तुमचा राउटर चॅनल ११ वर. `Save` दाबल्यावर राउटरशी बोलायला बोर्ड ११ वर जातो आणि त्याचं स्वतःचं वाय-फायही त्याच्या मागून तिकडे फरफटत जातं. तुमचा फोन चॅनल १ वर बोलत होता, त्याला समोर कोणी सापडत नाही आणि तो जोडणी सोडतो. पुढे जोडणी जमली की बोर्ड `Taki-Setup` बंदच करून टाकतो. म्हणून "यशस्वी झालं" असं सांगणारं पान बऱ्याचदा फोनपर्यंत पोचतच नाही, आणि लोकांना वाटतं की फसलं. मग ते सगळं पुन्हा करतात, घाईत पासवर्ड चुकवतात आणि तेव्हा मात्र खरंच फसतं.

खरं काय झालं ते ओळखायला फोनची वाय-फाय यादी पुरेशी आहे. अर्धा मिनिट थांबा, यादी ताजी करा आणि `Taki-Setup` शोधा. ते नाव गेलं आणि परत आलं नाही, तर डबी तुमच्या राउटरला जोडली गेली. ते अजून दिसत असेल किंवा जाऊन परत आलं, तर जमलं नाही. पुन्हा त्याला जोडा आणि पासवर्ड परत भरा.

आधीचं नेटवर्क चालू असताना उगाच प्रयोग म्हणून पानात चुकीचा पासवर्ड भरू नका. `Save` दाबल्यावर नवा पासवर्ड जुन्याच्या जागी लिहिला जातो, तो चालो वा न चालो.

## पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी जोडत नाही.

असं म्हणणाऱ्या दहा जणांपैकी आठ जणांचा पासवर्ड चुकलेला निघाला आहे, आणि दोष त्यांचा नसून फोनच्या कीबोर्डचा. तो पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो. सुचवलेला शब्द निवडला की पुढे एक रिकामी जागा सोडतो, ती डोळ्यांना दिसत नाही पण पासवर्डात मोजली जाते. व्हॉट्सॲपवरून उचलून चिकटवला तर टोकाची रिकामी जागा हमखास सोबत येते.

आपल्याकडची खास गंमत म्हणजे मराठी कीबोर्ड. काही कीबोर्डांवर आकडे देवनागरीत उमटतात. माणसाला `2468` आणि `२४६८` एकच, चिपला ती पूर्णपणे वेगळी अक्षरं. पानावर `Show Password` ची खूण आहे, ती लावा, पासवर्ड डोळ्यांसमोर ठेवून इंग्रजी कीबोर्डने टाइप करा आणि शेवटी कर्सर टोकाला नेऊन बघा की मागे रिकामी जागा राहिली नाही ना. राउटरच्या स्टिकरवरून उतरवताना शून्य आणि मोठा ओ, एक आणि छोटा एल यांत गल्लत होतेच.

नेटवर्कचं नाव मराठीत ठेवलेलं असेल तर ते यादीतूनच निवडा. नावाला जास्तीत जास्त ३२ बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक अक्षर, काना, मात्रा प्रत्येकी ३ बाइट खाते, म्हणजे दहाच चिन्हांत जागा संपते. शेजारच्या इमारतीतल्या एका उत्साही मुलाने राउटरला आजोबांचं पूर्ण नाव द्यायचं ठरवलं होतं, ते मावलंच नाही.

## टेबलावर सगळं चाललं, गच्चीवर नेलं आणि बंद.

पाचपाखाडीच्या इमारतीत हेच झालं. राउटर तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी काकांच्या दिवाणखान्यात. डबी तिथेच टेबलावर जोडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वर नेऊन टाकीला लावली आणि तासाभरात ती गायब. मध्ये एक मजला आणि सिमेंटचा स्लॅब होता, त्यातल्या लोखंडी सळ्या वाय-फायला आवडत नाहीत.

मी गच्चीवर गेलो आणि `Taki-Setup` चं पान तिथेच उघडलं. यादीत प्रत्येक नावापुढे सिग्नलची टक्केवारी असते. काकांच्या राउटरपुढे ३८ होते. या टक्क्यांचा हिशेब सोपा आहे : टक्के अर्धे करायचे आणि त्यातून १०० वजा करायचे. ३८ चे अर्धे १९, वजा १०० म्हणजे उणे ८१ डीबीएम. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं बरं. उणे ८० च्या पलीकडे जोडणी एखाद वेळी लागते, पण टिकत नाही. डबी जिन्याच्या दारापाशी धरली, यादी ताजी केली, तर ६२ टक्के, म्हणजे उणे ६९. बोर्ड तिथेच भिंतीला लावला आणि टाकीतल्या सेन्सरपर्यंत चार मीटर वायर ओढली. तेव्हापासून तक्रार नाही.

म्हणून माझं म्हणणं, सेटअप डबीच्या कायमच्या जागीच करा. फोनवरच्या वाय-फायच्या काड्यांवर जाऊ नका, फोनचा अँटेना वेगळा आणि चांगला असतो. डबीला काय ऐकू येतं ते तिच्याच यादीत कळतं. आणि बोर्ड पत्र्याच्या पेटीत कोंडू नका. पावसाच्या भीतीने एकांनी ते केलं होतं.

## लाईट जाऊन आली की डबी बंद पडते. राउटर तर चालू असतो.

ही चूक माझी होती. असा बोर्ड बांधणाऱ्या प्रत्येकाकडून ती एकदा तरी होते, म्हणून सविस्तर सांगतो.

मे महिन्यात एका रात्री दोनदा लाईट गेली आणि आली. सकाळी फोनवर टाकी ८० टक्के भरलेली दिसत होती, नळाला मात्र थेंब नव्हता. दाखवलेला आकडा आदल्या रात्रीचा होता. वॉचमन मामांनी पंप लावला नव्हता, कारण डबी भरलेलं सांगत होती. गच्चीवर जाऊन फोनची यादी बघितली तर `Taki-Setup` तिथे ऐटीत उभं.

कारण शोधायला मी घरात घड्याळ लावून बसलो. मेन स्विच पाडला आणि परत चढवला. बोर्ड एका सेकंदात जागा झाला. फायबरची पेटी आणि राउटर मिळून वाय-फाय परत यायला २ मिनिटं १० सेकंद लागली. म्हणजे बोर्डाने डोळे उघडले तेव्हा राउटर अजून झोपेतच होता. बोर्डाने थोडा वेळ शोधलं, नेटवर्क मिळालं नाही, मग त्याने नियमाप्रमाणे सेटअपचं पान उघडलं आणि कोणीतरी येऊन पासवर्ड देईल याची वाट बघत बसला. रात्रभर. बरोबर पासवर्ड त्याच्या पोटातच होता, पण पान एकदा उघडलं की ते बंद कधी करायचं हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

उपाय दोन ओळींचा आहे. शोधायला पुरेसा वेळ द्यायचा आणि पानाला मुदत घालायची. मुदत संपली की बोर्ड पुन्हा चालू होतो आणि पहिल्यापासून प्रयत्न करतो. आता आमच्याकडे असं घडतं : लाईट येते, पहिले ३० सेकंद बोर्ड राउटर शोधतो, मिळत नाही. पुढची ३ मिनिटं पान उघडं राहतं. साडेतीन मिनिटांनी तो पुन्हा सुरू होतो, तोवर राउटर कधीचाच जागा झालेला असतो आणि काही सेकंदांत जोडणी होते.

तुमच्याकडे आधीची डबी असेल तर तिला एकदा बंद करून चालू करा, काम चालू होईल. आणि मला कळवा, मी नवं कोड घालून देतो.

## ते कोड बघायला मिळेल?

हो. आर्डुइनोमध्ये `WiFiManager` नावाची लायब्ररी आहे, तिचा लेखक `tzapu` या नावाने दिसतो. एकाच नावाच्या बऱ्याच आहेत, म्हणून लेखकाचं नाव बघून घ्या. पान, यादी, फोनला बनवण्याची युक्ती हे सगळं तीच करते. आपल्या वाट्याला एवढंच येतं :

```cpp
#include <WiFiManager.h>
WiFiManager wm;

void setup() {
  Serial.begin(115200);
  pinMode(0, INPUT_PULLUP);
  wm.setConnectTimeout(30);
  wm.setConfigPortalTimeout(180);
  wm.setScanDispPerc(true);   // यादीत टक्केवारी दिसावी म्हणून
  if (!wm.autoConnect("Taki-Setup", "gacchi2468")) {
    ESP.restart();
  }
}
```

दोन्ही मुदती सेकंदांत आहेत. पान कोणी वापरत असेल तर प्रत्येक वेळी ते उघडल्यावर १८० सेकंद नव्याने मोजले जातात, त्यामुळे हळू टाइप करणाऱ्या आजोबांनाही अडचण येत नाही. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा हवा, त्याहून छोटा चालत नाही.

बोर्ड संगणकाला जोडून ११५२०० वेगावर सिरियल मॉनिटर उघडलात तर तो काय करतोय ते ओळीओळीने दिसतं. `AP IP address: 192.168.4.1` असं आलं की समजा पान उघडलं आहे. तिथे निरर्थक चिन्हं दिसली तर वेग चुकीचा निवडला आहे. बोर्ड जोडायच्या क्षणीच पुन्हापुन्हा नव्याने सुरू होत असेल तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका, आधी चार्जर आणि केबल बदला. वाय-फायवर बोलताना चिप क्षणभर ३०० मिलिअँपियरच्या आसपास ओढते आणि रस्त्यावरची बारीक केबल तेवढ्यात मान टाकते.

## राउटर बदलला. आता?

सगळ्यात सोपं : नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. डबीला काही कळणारही नाही. राउटर बसवायला येणाऱ्या मुलाला आधीच सांगून ठेवा, तो दोन मिनिटांत करून देतो. टीव्ही, फोन, सगळंच वाचतं.

ते जमलं नाही तरी जुनं पुसायची गरज नसते. डबी एकदा बंद करून चालू करा. जुनं नेटवर्क सापडलं नाही की ती अर्ध्या मिनिटात आपणहून `Taki-Setup` उघडते. अडचण येते ती जुना राउटरही कुठेतरी चालू असेल तेव्हा. मग डबी इमानाने त्यालाच चिकटते. त्यासाठी बोर्डावरचं `FLASH` लिहिलेलं बटण मी पुसण्यासाठी वापरलं आहे. डबी चालू असताना ते ५ सेकंद दाबून धरा आणि सोडा.

```cpp
void loop() {
  if (digitalRead(0) == LOW) {
    delay(5000);
    if (digitalRead(0) == LOW) {
      wm.resetSettings();
      delay(3000);   // बटण सोडायला वेळ
      ESP.restart();
    }
  }
}
```

बटण दाबून ठेवून वीज देऊ नका. त्या बटणाचं मूळ काम वेगळं आहे : सुरू होताना ते दाबलेलं असलं की चिप नवं कोड घ्यायला थांबते आणि डबी मेल्यासारखी वाटते. तसं झालंच तर बटण सोडून पुन्हा वीज द्या.

बांधणाऱ्यांसाठी एक गोष्ट. चाचणी करताना `resetSettings()` ही ओळ बरेच जण `setup()` मध्ये टाकतात आणि काढायची विसरतात. मग डबी दरवेळी चालू होताना सगळं विसरते. मी स्वतः एक रविवार यात घालवला आहे. नवं कोड चढवलं की पासवर्ड पुसला जातो, हाही एक गैरसमज. पासवर्ड चिपच्या वेगळ्या कोपऱ्यात असतो, पूर्ण फ्लॅश पुसण्याचा पर्याय निवडला तरच जातो.

## शेजाऱ्यांना आमचा पासवर्ड कळेल का?

सेटअपच्या पानाला कुलूप नाही, ते साध्या `http` वर चालतं. `Taki-Setup` ला स्वतःचा पासवर्ड नसता, तर तुम्ही `Save` दाबता त्या क्षणी ऐकत बसलेल्या कोणालाही तुमचा घरचा पासवर्ड हवेतून वाचता आला असता. आपल्याकडे भिंतीला भिंत लागून घरं, म्हणून मी डबीलाही पासवर्ड ठेवतो आणि प्रत्येक डबीला वेगळा. चिठ्ठी डबीच्या खाली आहे, तिचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका.

त्याहून महत्त्वाचं, पासवर्ड चिपमध्ये साध्या रूपात राहतो. डबी ज्याच्या हाती लागली आणि ज्याच्याकडे यूएसबी केबल आहे, तो तो वाचू शकतो. म्हणून डबी भंगारात देण्याआधी किंवा कोणाला देण्याआधी बोर्ड संगणकाला लावून हे चालवा :

```
esptool.py erase_flash
```

राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढता येत असेल तर डबीला तेच द्या. मात्र अशा नेटवर्कवरची उपकरणं बऱ्याचदा एकमेकांना दिसत नाहीत, त्यामुळे घरच्या फोनवरून थेट डबीचं पान उघडायचं असेल तर ते चालणार नाही. आमची डबी आकडा बाहेर इंटरनेटवर पाठवते, तिला फरक पडत नाही.

## राउटरच नाही, फोनच्या हॉटस्पॉटवर चालेल?

चालेल, पण एकाच फोनने करायचं तर जरा कसरत आहे. फोन `Taki-Setup` ला जोडलेला असताना त्याचाच हॉटस्पॉट बंद असतो, म्हणून तो यादीत येत नाही. नाव आणि पासवर्ड हाताने टाइप करून `Save` दाबा. जोडणी फसेल, तिकडे लक्ष देऊ नका, मजकूर जपला गेलेला असतो. आता हॉटस्पॉट चालू करा आणि डबी बंद करून पुन्हा लावा. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटचा बँड २.४ वर ठेवा, आयफोनमध्ये `Maximize Compatibility` चालू करा, नाहीतर तोच ५ गिगाहर्ट्‌झचा घोळ.

गच्चीवर कायमचा फोन कोण ठेवणार, हा प्रश्न वेगळा. नेरूळच्या इमारतीत त्यांनी चौथ्या मजल्यावरच्या आजींना विचारलं आणि त्यांनी आपल्या राउटरचा पासवर्ड दिला. बदल्यात टाकी भरली की पहिला मेसेज आजींना जातो.